क्रॉस, ओम, चांद आणि चक्र: काढण्याआधी विचारा, कोणाचं?

प्रश्न: आमच्या बडोद्याच्या शाळेत प्रार्थना हॉलच्या भिंतीवर सर्वधर्म पॅनल करायचंय. ओम, क्रॉस, चांद-तारा आणि चक्र. प्रत्येकाखाली अर्थाची एक-एक ओळ लिहायचीय, पण जिथे बघावं तिथे वेगळंच लिहिलेलं सापडतं. नक्की काय लिहू, आणि काढताना काय चुकतं?

ताई, मी गेली २६ वर्षं हेच काम करतोय, दगडात, पितळेत, अॅक्रेलिकमध्ये चिन्हं कापायची, कोरायची. दांडिया बाजारात माझं वर्कशॉप आहे. देवळांची कामं केली, कबरीवरच्या पाट्या केल्या, शाळांची पॅनल्स तर किती झाली मोजलं नाही. तुमचा प्रश्न मला दर जून महिन्यात कोणीतरी विचारतंच, म्हणून यावेळी जरा निवांत बसून लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा, नुसत्या आकाराला धर्म नसतो. चक्र बौद्धांचं आहे, जैनांचं आहे, विष्णूच्या हातात आहे आणि आपल्या झेंड्यावरही आहे. चंद्रकोर मशिदीवर आहे, शंकराच्या डोक्यावर आहे, जैनांच्या चिन्हातही आहे आणि ॐ च्या वरती पण तीच बसलेली आहे. त्यामुळे "चक्र म्हणजे काय" हा प्रश्न अर्धाच झाला, "कोणाचं चक्र" हे विचारलं की उत्तर मिळतं. आणि ते "कोणाचं" हे बारीक तपशिलात दिसतं, आरे किती, तोंड कुठे, दांडी किती लांब. नेटवर तुम्हाला वेगवेगळं सापडलं ते याच्यामुळेच, प्रत्येकाने आपापल्या घरचा अर्थ लिहिलाय.

चक्रापासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. शाळेवाले म्हणतात चक्र हवं, मी विचारतो कुठलं, ते म्हणतात अहो तेच आपलं झेंड्यावरचं. मग निळ्या रंगात २४ आऱ्यांचं चक्र लागतं आणि खाली लिहितात "बौद्ध धर्म, अष्टांगिक मार्ग". आता मुलं काही वेडी नसतात, ती मोजतात. आरे २४ आणि खाली लिहिलंय ८, एका शाळेत चौथीतल्या मुलीने हे बाईंना विचारलं आणि बाईंनी मला फोन केला. चूक माझीच होती, मला डिझाइन दिलं गेलं ते मी तसंच कापलं, खालची ओळ वाचलीच नाही. ते पॅनल मी माझ्या खर्चाने बदललं आणि तेव्हापासून ओळ आधी मागतो, डिझाइन नंतर.

चक्राचा मूळ बौद्ध अर्थ असा. बुद्धांना ज्ञान झालं बोधगयेला, पण ते पहिल्यांदा बोलले सारनाथला, हरणांच्या वनात, पाच जुन्या सोबत्यांसमोर. त्या पहिल्या उपदेशाला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात, म्हणजे धम्माचं चाक फिरायला लागलं. आषाढ पौर्णिमेचा तो दिवस मानतात. यात एक राजकारणाचा शब्द आहे तो लक्षात घ्या, चक्रवर्ती. ज्याच्या रथाचं चाक कुठेही न अडता फिरतं तो चक्रवर्ती राजा. बुद्धांच्या बाबतीत तेच चाक घेतलं पण ते सैन्याचं नाही, शिकवणीचं. म्हणजे चक्र हे एका घटनेची खूण आहे आधी, आणि त्या घटनेत जे सांगितलं गेलं त्याची खूण नंतर. सांगितलं काय तर चार आर्यसत्यं, दोन टोकं टाळून मधला मार्ग आणि त्या मार्गाची आठ अंगं, सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. आठ आरे म्हणजे ही आठ.

पण गंमत बघा, जुन्या शिल्पात आरे आठच असतात असं अजिबात नाही. सांची, भरहुतला बुद्धांची मूर्तीच नाहीये त्या काळी, बुद्ध दाखवायचे तर झाड, पाऊलखुणा, रिकामं आसन किंवा चक्र काढायचे, आणि त्या चक्रांना जितके आरे मावतील तितके आहेत. पाली ग्रंथात तर बुद्धांच्या तळपायावरच्या चक्राला हजार आरे सांगितलेत. अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावर सिंहांच्या खाली जी चक्रं आहेत त्यांना २४ आरे आहेत आणि तिथूनच २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने झेंडा मंजूर केला तेव्हा ते चक्र झेंड्यावर आलं. म्हणजे २४ आऱ्यांचं चक्र बौद्ध नाही असं म्हणणंही चूक आहे, ते बौद्ध राजाचंच आहे, आणि बाबासाहेबांना मानणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांच्या निळ्या झेंड्यावर तेच २४ आऱ्यांचं चक्र असतं. बडोद्यात तर हे जास्त जपायला हवं, १९१७ साली बाबासाहेब इथेच नोकरीला आले होते, राहायला घर मिळेना म्हणून शहर सोडावं लागलं, कामाठी बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. तुमच्या शाळेत त्या घरातली मुलं असतील तर त्यांना निळं २४ आऱ्यांचं आपलं वाटेल. म्हणून मी म्हणतो दोन्ही चालतं, पण ओळ जुळली पाहिजे. आठ आरे काढलेत तर अष्टांगिक मार्ग लिहा. चोवीस काढलेत तर "अशोकाच्या सारनाथ स्तंभावरचं धम्मचक्र" असं लिहा, आठचा उल्लेख करू नका.

आता जैन. बडोद्याच्या शाळेत जैन मुलं असणारच, आणि त्यांच्या चिन्हातही चक्र आहे, उघड्या तळहातावर मधोमध. तिथे हात म्हणजे थांब, काही करण्याआधी विचार कर, कोणाला इजा तर होत नाही ना. चक्राच्या मध्ये "अहिंसा" लिहिलेलं असतं आणि आरे २४, ते चोवीस तीर्थंकर. हात, चक्र, वर स्वस्तिक, त्याच्या वर तीन ठिपके आणि सगळ्यात वर चंद्रकोर, असं जे पूर्ण चिन्ह आपण आज बघतो ते महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९७४-७५ च्या सुमारास सगळ्या पंथांनी मिळून स्वीकारलं. भाग जुने आहेत, जोडणी नवी आहे. म्हणजे बघा, २४ आरे तिन्हीकडे, पण अशोकाच्या स्तंभावर ते धम्मचक्र, जैनांकडे चोवीस तीर्थंकर, आणि झेंड्यावर देशाचं.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक आर्ट टीचरला करायला सांगतो, मुलांना घेऊन कामाठी बागेतल्या म्युझियममध्ये जा आणि अकोट्याच्या ब्राँझ मूर्ती बघा. अकोटा आता शहरातच आलंय, विश्वामित्रीच्या पलीकडे, तिथे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जैन ब्राँझचा मोठा साठा सापडला. त्यातल्या मूर्तींच्या बैठकीवर नीट वाकून बघा, मध्ये चक्र आणि दोन बाजूंना दोन हरणं. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं अरे हे तर बौद्ध, सारनाथची हरणं. पण मूर्ती तीर्थंकरांची आहे. दोघांकडे धर्मचक्र आहे, दोघांकडे हरणं आहेत, एकाच काळातले कारागीर एकच खूण दोघांसाठी काढत होते. त्या दिवसापासून मी "चक्र आणि हरणं म्हणजे बौद्ध" असं डोळे झाकून कधी म्हटलं नाही.

विष्णूचं सुदर्शन मात्र ओळखायला सोपं, ते शस्त्र आहे, कडेला ज्वाळा नाहीतर धार असते. कोणार्कचं चाक सूर्याच्या रथाचं, आठ जाड आरे आणि मध्ये आठ बारीक. ते दिसायला फार सुंदर म्हणून डिझाइनर लोक बौद्ध चक्राच्या जागी तेच टाकतात, इंटरनेटवरून उचलून. तुमच्या माणसाने दिलेल्या फाइलमध्ये आऱ्यांवर नक्षी आणि गोल पदकं दिसली तर समजा की ते कोणार्क आहे, परत पाठवा.

काढताना काय चुकतं ते पण सांगतो. समजा चक्र १२ इंचाचं आहे आणि आरे जिथून निघतात तो मधला तुंबा २ इंचाचा. २४ आरे असतील तर बाहेरच्या कडेला दोन आऱ्यांमध्ये दीड इंचाहून थोडी जास्त जागा मिळते, पण तुंब्यापाशी तीच जागा जेमतेम पाव इंच होते. आता आरा पाव इंचाचा सरळ कापला तर तुंब्यापाशी सगळं एकमेकाला चिकटून गोळा होतो, लांबून काळा डाग दिसतो. म्हणून २४ चे आरे तुंब्याकडे निमुळते लागतात, झेंड्यावर पण तसेच आहेत. आठ आऱ्यांना तुंब्यापाशी पाऊण इंच जागा असते, तिथे अर्धा इंचाचा आरा आरामात बसतो आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतून पण मोजता येतो. मुलांसाठी असेल तर मी आठच सुचवतो, मोजता आलं पाहिजे म्हणून.

आता चांद. इथे मी जरा थांबून लिहितो कारण मुसलमान नसलेल्या लोकांना वाटतं की जसा ॐ तसा चांद-तारा, आणि तसं नाहीये. इस्लाममध्ये चंद्र पूज्य नाही, पूजा एका अल्लाहची. चंद्राचं काम कॅलेंडरचं आहे. हिजरी महिना नवी कोर दिसली की सुरू होतो, २९ किंवा ३० दिवसांचा, वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा ११ दिवस कमी, म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो कधी थंडीत. कुराणात नव्या चंद्राबद्दल विचारलंय तिथे उत्तर हेच आहे की त्या लोकांसाठी आणि हजसाठी वेळेच्या खुणा आहेत. इतकंच. हा अर्थ पक्का, याच्यावर कोणी वाद घालणार नाही.

पण चांद-तारा हा जो जोडीचा लोगो आहे तो खूप नंतरचा. इस्लामच्या आधीच इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांवर कोर आणि तारा आहे, बिझँटियम शहराच्या नाण्यांवर पण आहे. इस्लामच्या सुरुवातीच्या काळात अशी कुठलीही एक अधिकृत खूण नव्हती. ऑटोमन तुर्कांच्या झेंड्यावर एकोणिसाव्या शतकात कोर आणि तारा पक्के झाले, त्यांचं साम्राज्य मोठं होतं म्हणून ते बाहेर पसरलं, मग नव्या देशांनी आपल्या झेंड्यावर घेतलं आणि लोकांच्या मनात बसलं की हे इस्लामचं. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर बघा, तिथे कोर नाही, कलिमा म्हणजे इस्लामच्या श्रद्धेचं वचन लिहिलंय. म्हणून काही मुसलमान लोक म्हणतात की हे धार्मिक चिन्ह नाहीच, काहींना ते आपलं वाटतं, मशिदीच्या कळसावर असतं, ईदच्या कार्डवर असतं. दोन्ही खरं आहे. ताऱ्याच्या पाच टोकांना पाच स्तंभ म्हणतात, कलिमा, नमाज, रोजा, जकात, हज, ते सांगायला छान आहे आणि मुलांच्या लक्षात राहतं, पण ते नंतर जोडलेलं स्पष्टीकरण आहे, तारा त्यासाठी आला असं लिहू नका.

आता कोरीची दिशा, जी दहातले नऊ जण विचार न करता काढतात. तुम्ही बडोद्यात संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून ईदचा चांद बघा. सूर्य नुकताच खाली उजवीकडे बुडालेला असतो, त्यामुळे कोरीचा फुगीर उजळ भाग खाली उजवीकडे आणि दोन टोकं वर डावीकडे, म्हणजे होडी जरा कलून ठेवल्यासारखी. आणि आपण पॅनलवर काढतो ती कोर कशी असते, फुगीर बाजू डावीकडे आणि उघडं तोंड उजवीकडे. ती कोर अमावस्येच्या आधीची आहे, पहाटे पूर्वेला दिसते ती, म्हणजे संपत आलेला महिना. तुर्कस्तानच्या झेंड्यावर तशीच आहे त्यामुळे खूण म्हणून ती चूक नाही, जगभर चालते. पण तुम्ही जर खाली ओळ लिहिणार असाल "नव्या महिन्याची कोर" तर मग फुगीर बाजू उजवीकडे पाहिजे, नाहीतर परत तीच गोष्ट, चित्र एक सांगतंय आणि ओळ दुसरं. एका शाळेत तिथल्या मुसलमान सरांनी ट्रेसिंग बघितलं, काही न बोलता कागद उलटा केला आणि काचेवर धरला, म्हणाले आता दिसला बघा ईदचा चांद. मी ते आजपर्यंत विसरलो नाही.

तारा कोरीच्या पोटात काढतात, आकाशात तिथे तारा दिसूच शकत नाही कारण तो भाग रिकामा नसतो, चंद्राचाच अंधारा भाग असतो. तसंच खऱ्या कोरीची टोकं अर्ध्या वर्तुळाच्या पुढे कधी जात नाहीत, चिन्हात मात्र ती वळून ताऱ्याला कवेत घेतात. म्हणजे हे आकाशाचं चित्र नाही, झेंड्याची खूण आहे. तुमच्या शाळेतल्या मुसलमान शिक्षकांना विचारा तारा हवा का नुसती कोर. ज्यांना अडचण वाटते ते बहुतेक वेळा नुसत्या कोरीला हो म्हणतात, नाहीतर सुंदर अक्षरात "अल्लाह" लिहून घेतात.

कोर आली म्हणून इथेच सांगतो, जैन चिन्हात सगळ्यात वर जी कोर आहे ती चंद्र नाही, ती सिद्धशिला आहे, मुक्त झालेले जीव जिथे राहतात ती जागा, आणि वरचा ठिपका म्हणजे ते सिद्ध जीव. खालचे तीन ठिपके सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र्य. ती कोर नेहमी आडवी, टोकं वर. शंकराच्या जटेतली कोर पुन्हा वेगळी. एका भिंतीवर तीन कोरी आल्या तरी तिन्हींचा संबंध नाही, मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

ॐ कडे येतो. इथे लोक आकाराचे भाग पाडून अर्थ सांगतात, खालचं मोठं वळण जागेपण, दुसरं स्वप्न, तिसरं गाढ झोप, वरची कोर माया आणि बिंदू तुरीय, म्हणजे चौथी अवस्था. हे वाचायला चांगलं आहे पण मूळ गोष्ट उलटी आहे. मांडूक्य उपनिषद, फक्त १२ मंत्रांचं, ते आकाराबद्दल बोलतच नाही, ते आवाजाबद्दल बोलतं. अ म्हणजे जागृती, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे सुषुप्ती आणि चौथी अवस्था म्हणजे आवाज संपल्यानंतरची शांतता, जिला मात्राच नाही. म्हणून ओम म्हणून झाल्यावर जे क्षणभर थांबतो ते थांबणं पण त्याचाच भाग आहे. आकार हा त्या आवाजाची लिपी आहे, ओ आणि वर चंद्रबिंदू, जुन्या वळणात लिहिलेला. म्हणूनच तमिळमध्ये ओम वेगळा दिसतो, गुजरातीत जरा वेगळ्या वळणाचा असतो, आणि आवाज मात्र तोच. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी तर गणपतीच ओंकाराचा केला, अकार पाय, उकार मोठं पोट, मकार मस्तक, मराठी घरात आजी हेच शिकवते आणि तेही तितकंच खरं आहे.

जैन ओम म्हणतात तेव्हा त्यांची अक्षरं वेगळी, अरिहंत, अशरीर म्हणजे सिद्ध, आचार्य, उपाध्याय, मुनी, या पाचांची पहिली अक्षरं जोडून ओम. शिखांचा एक ओंकार पुन्हा वेगळा, आधी एकचा आकडा आहे, देव एकच हे त्या आकड्यातच आलं. शीख मूल असेल तर ॐ मध्ये त्यालाही धरलंय असं समजू नका, त्याच्यासाठी एक ओंकार किंवा खंडा वेगळा काढा. आणि बडोद्यात पारशी पण आहेत, त्यांचं अग्निपात्र विसरू नका, जागा असेल तर.

ओम कापताना एकच मोठी अडचण, चंद्रबिंदू सुटा असतो. अॅक्रेलिक किंवा पितळेत कापला की तीन तुकडे होतात, मोठं अंग, कोर, बिंदू. बरेच जण कोर आणि बिंदू डबल टेपने चिकटवतात, पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि बिंदू गळतो. मग वर्षभर भिंतीवर चंद्रबिंदू नसलेलं काहीतरी राहतं, ज्याला ओम म्हणता येत नाही. प्रत्येक तुकड्याच्या मागे ४ मिलिमीटरची पिन लावून भिंतीत भोक पाडून बसवायला सांगा, बिंदूला पण, भले तो लहान आहे. आणि काचेवर करणार असाल तर कुठल्या बाजूने वाचायचं ते कागदावर बाण काढून द्या. माझ्याच वर्कशॉपमध्ये एकदा काचेचा दरवाजा मागच्या बाजूने कोरला गेला आणि देवळात येणाऱ्यांना ओम उलटा दिसायला लागला, काच नवीन घ्यावी लागली.

क्रॉसवर कमी लिहितो, कारण त्याचा अर्थ सगळ्यात स्पष्ट आहे. येशूंना ज्यावर मारलं ते लाकूड. रोमन लोक गुलामांना आणि बंडखोरांना ही शिक्षा द्यायचे, भर रस्त्यावर, लोकांनी बघावं म्हणून. म्हणजे ती लाजेची गोष्ट होती, त्यामुळे पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक क्रॉसपेक्षा मासा, जहाजाचा नांगर अशा खुणा जास्त वापरायचे. मासा का, तर ग्रीकमध्ये माशाच्या शब्दाची अक्षरं सुटी केली की "येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणहार" याची पहिली अक्षरं होतात. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती झाला, क्रूसावर मारायची शिक्षा बंद झाली, आणि मग क्रॉस उघडपणे सगळीकडे आला. उभी दांडी देव आणि आडवी माणूस असं जे सांगतात ते नंतरचं, मूळ अर्थ त्यांचं बलिदान आणि पुन्हा उठणं.

इथे विचारायचं ते एवढंच, नुसता क्रॉस की वर येशूंची मूर्ती असलेला. कॅथलिक घरात मूर्तीचा असतो, त्यात भर बलिदानावर. प्रोटेस्टंट, मेथडिस्ट लोकांकडे रिकामा, कारण ते उठले, आता तिथे नाहीत. सर्वधर्म पॅनलला रिकामा घ्या, दोघांनाही चालतो. आकार मात्र जपा, चारी हात सारखे काढले आणि वर लाल रंग दिला तर तो रेड क्रॉस झाला, त्याचा धर्माशी संबंध नाही, तो स्विस झेंडा रंग उलटे करून घेतलाय, आणि कायद्याने तो असा वापरायला बंदी पण आहे. माझ्याकडे एका शाळेने असं डिझाइन आणलं होतं, मी बाहेर खेळणाऱ्या पोराला विचारलं हे काय, तो म्हणाला दवाखाना. साधं माप सांगतो, उंची १२ असेल तर आडवी दांडी ८, आणि ती वरून ४ वर बसवा. वरचा आणि बाजूचे हात साधारण सारखे, खालचा दुप्पट. हे काही शास्त्रात सांगितलेलं माप नाही, पण डोळ्याला बरोबर वाटतं.

एक अजून, चारी चिन्हं सारख्या उंचीची करू नका. हे ऐकून सगळे चमकतात. चक्र भरलेलं असतं, क्रॉस म्हणजे दोन पट्ट्या, त्यामुळे दोन्ही १२ इंच केले तर क्रॉस बारका दिसतो आणि कोणीतरी म्हणतं आमचं लहान केलं. मी चक्र १२ घेतो, ओम १२ च, क्रॉस १४ आणि कोर साधारण १३, रेघेची जाडी सगळीकडे एक इंचाच्या आसपास, चक्राचे आरे सोडून. मग ३० फुटांवरून चारी सारखी दिसतात. रंग एकच ठेवा, पितळी किंवा गडद तपकिरी. हिरवा, भगवा, निळा वाटून दिला की चिन्हाआधी रंग बोलतो.

ओळी मी अशा लिहीन. ॐ खाली, "अ, उ, म आणि त्यानंतरची शांतता". क्रॉसखाली, "येशूंचं बलिदान आणि पुनरुत्थान". कोरीखाली, "नव्या महिन्याची खूण, ज्यावरून रोजे आणि ईद ठरते", आणि कोर उजवीकडे फुगीर. आठ आऱ्यांच्या चक्राखाली, "सारनाथचा पहिला उपदेश, आठ अंगांचा मार्ग". जैन चिन्ह घेणार असाल तर ते पूर्ण घ्या, हातासकट, खाली "परस्परोपग्रहो जीवानाम्" त्यांच्याच चिन्हात असतं, वेगळी ओळ नको.

कापायला देण्याआधी ब्राउन पेपरवर खऱ्या मापात ट्रेसिंग काढा, हॉलच्या भिंतीवर टेपने लावा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. प्रत्येक समाजातल्या एका शिक्षकाला, एका पालकाला आणि जमलं तर दोन मुलांना उभं करून विचारा, हे कोणाचं आणि काय वाटतं. पेन्सिलने तिथेच बदल करा. पितळ कापल्यावर बदल करायला नवीन पत्रा लागतो, ब्राउन पेपरचा मीटर फार तर वीस-पंचवीस रुपये. फाइल तयार झाली की आणा, आऱ्यांची संख्या आणि कोरीची दिशा मी बघून देतो.